'वहां' म्हणजे कुठे?

प्रिय ताई,
मी इंदूरच्या एका शाळेत शिकवते. पुढच्या शनिवारी पालकसभेत लैंगिक शिक्षणावर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. भाषण सोबत जोडलं आहे. 'खासगी जागा', 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' असे सौम्य शब्द वापरलेत, तरी पालक बिथरतील अशी भीती वाटते. 'मुलांच्या डोक्यात नको ते कशाला भरता' असं दोघातिघांनी आधीच ऐकवलं आहे. विषय गरजेचा आहे हे मला पटतं. गेल्या वर्षी एक मुलगी डबा खाताना म्हणाली होती, 'मॅडम, ट्यूशनवाले सर वहां गुदगुदी करते हैं.' मी म्हटलं, आईला सांग. नंतर ती काही बोलली नाही, ट्यूशनही चालू आहे, म्हणजे तसं काही नसावं. भाषण कसं मांडू म्हणजे कोणी दुखावणार नाही?
– एक शिक्षिका

बाई,

भाषण वाचलं. चांगलं लिहिलंय. पण डब्याच्या वेळचं ते वाक्य वाचल्यापासून माझं त्यात लक्ष लागत नाही.

तुमच्या भाषणात सातव्या ओळीवर आहे, 'मुलांनी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावं.' तिनं तेच केलं होतं. विश्वासातलं मोठं माणूस म्हणून तिनं तुम्हाला निवडलं, आणि तुम्ही तिला पुढच्या खिडकीवर पाठवलंत. ती नंतर बोलली नाही, यावरून तुम्ही 'तसं काही नसावं' असं धरलंत. मुलं एकदा सांगून बघतात. ऐकणाऱ्याचा चेहरा जराही हलला नाही, तर हे सांगण्यासारखं नसतं असं समजतात आणि डब्यातली पोळी संपवतात.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली 13 राज्यांतल्या मुलांशी बोलून एक मोठा अहवाल काढला होता. लैंगिक छळ सोसलेल्या बहुतेक मुलांनी तो कोणालाच सांगितला नव्हता, आणि छळणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, भरवशाचे होते. इथे एकीनं सांगितलं, तेही नाव घेऊन.

आता 'वहां' या शब्दाकडे बघा. आपल्याकडची मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. तीन भाषा येणाऱ्या त्या मुलीकडे त्या अवयवासाठी तिन्हींतला एकही शब्द नव्हता. घरात 'शूची जागा', शाळेत तुमची 'खासगी जागा'. 'वहां' म्हणजे काखेत, पोटावर की चड्डीत? तुम्हाला तेव्हा विचारायला जमलं नाही, कारण शब्द तुमच्याकडेही नव्हता. पोक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्याच शब्दांत नोंदवायचा असतो. शब्दच धूसर असेल तर प्रत्येक पायरीवर त्याच मुलीला 'म्हणजे कुठे, नीट सांग' असं विचारलं जातं. म्हणून 'योनी' आणि 'लिंग' हे शब्द भाषणात ठेवा. हिंदीतही तेच आहेत, ही आपल्या गावाची सोयच म्हणायची. आंघोळ घालताना आईनं 'हात धू, पोट धू, योनी धू, गुडघा धू' असं एकाच सुरात म्हणावं. आवाज बारीक केला की शब्द घाण होतो, आणि मूल पुढच्या वेळी तो तोंडात धरून बसतं.

दुसरा शब्द 'गुदगुदी'. तुमचा 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' नेमका इथे फसतो. गुदगुल्या झाल्या की मूल हसतं. वाईट वाटलं तर सांग, असं तुम्ही शिकवलंत, आणि तिला तर हसू आलं होतं! मग त्यात वाईट ते काय? असं वागणारी माणसं बहुधा खेळातून, लाडातून, चॉकलेटमधून सुरुवात करतात आणि मुलाला बरं वाटेल याची काळजी घेतात. त्यामुळे मुलाला काय वाटलं यावर नियम बांधता येत नाही, जागेवर बांधावा लागतो. चड्डीच्या आतलं कोणी बघायचं नाही, तिथे हात लावायचा नाही, स्वतःचं दाखवायचं नाही. लहान असताना आंघोळ घालणारी आई-आजी चालते, तपासणारे डॉक्टर चालतात तेही आई-बाबा समोर असताना. आणि 'हे आपलं गुपित, घरी सांगू नकोस' असं कोणी म्हणालं, की तेच घरी येऊन पहिल्यांदा सांगायचं.

'नको ते भरता' म्हणणाऱ्यांना तुम्ही घाबरता. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत 5 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी शरीराचे अवयव आणि नकोशा स्पर्शाची ओळख आहे. असं शिक्षण मिळाल्यानं मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, हेही त्यात अभ्यासांच्या आधारे सांगितलं आहे. हे एका वाक्यात सांगून पुढे जा. सभेचा वेळ त्यांच्याशी वाद घालण्यात घालवू नका.

तो वेळ एका गोष्टीला द्या, जी तुमच्या भाषणात कुठेच नाही: मूल सांगतं तेव्हा समोरच्यानं काय करायचं. हातातलं काम ठेवायचं. 'सांगितलंस, बरं केलंस. तुझी काही चूक नाही' असं म्हणायचं. 'मग काय झालं?' इतकंच विचारायचं. 'सरांनी इथे हात लावला का?' असं आपणच उत्तर पुरवायचं नाही. 'आधी का नाही सांगितलंस' हे तर जिभेवरही आणू नये. मूल बोललं ते त्याच्याच भाषेत, तारीख घालून कागदावर उतरवायचं. आणि त्या माणसाला जाब विचारायला धावायचं नाही. तो सावध होतो आणि मुलाला गप्प करतो.

पण हे सगळं सभेत बोलायच्या आधी तुम्हाला पोलिसांकडे जायचं आहे. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर कोणाही माणसानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. खरं-खोटं शोधणं तुमचं काम नाही. प्रिन्सिपलना सांगितलं म्हणजे तुमचं कर्तव्य संपलं असंही नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर्षभर गप्प का बसलात, हे तुम्हाला विचारतील. विचारू देत. सद्भावनेनं खबर देणाऱ्यावर मात्र त्यासाठी कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. ठाण्याची पायरी चढायची धास्ती वाटत असेल तर आधी 1098 वर फोन करा. तो चोवीस तास चालतो, पुढची वाट ते दाखवतात. मुलीला स्टाफरूममध्ये बोलावून उलटतपासणी करू नका. तिचा जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी साध्या कपड्यांत येऊन घेतात. तिच्या आईला त्याच दिवशी भेटा, पण परवानगी मागायला जाऊ नका.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी एवढं मी तुम्हाला कळवलं होतं. इथे छापते आहे ते बाकीच्या बाईंसाठी. मुलीची ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून तपशील थोडे बदललेत.

आज सकाळी तुमचा निरोप आला, 'ताई, सभा झाली की जाते.' सभा शनिवारी आहे. ट्यूशन रोज संध्याकाळी असते. आज जा.