तार तेवढीच, मग गोलात जास्त जागा की चौकोनात?

प्रश्न: बोहरी आळीतून ४४ सेंमी तार आणली. तिचा गोल केला तर आत जास्त जागा मावेल की चौरस केला तर? आणि का?

गोलात. चौरसाची बाजू ११ सेंमी, म्हणून क्षेत्रफळ १२१ चौ. सेंमी. गोलाची त्रिज्या ७ सेंमी (π = २२/७ धरून), क्षेत्रफळ १५४. तार कितीही लांब घ्या, गोल सुमारे २७ टक्क्यांनी पुढेच राहतो.

आता ‘का’. खरी गंमत इथेच आहे. चौरसाचे कोपरे तार खातात आणि त्या मानाने जागा फार कमी देतात. प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना १ सेंमीवर खूण करा आणि कोपरा तिरका कापा. २ सेंमी तारेऐवजी १.४१ सेंमी पुरते, पण जागा जाते फक्त अर्धा चौ. सेंमी. चारही कोपरे कापले की जागा ११९ उरते आणि साधारण २.३४ सेंमी तार वाचते. ती वाचलेली तार वापरून तोच आकार सगळीकडून सारखा मोठा केला, की क्षेत्रफळ जवळपास १३२.८ होतं. म्हणजे मूळ चौरसापेक्षा जास्तच! जिथे टोक दिसेल तिथे हेच करत राहा, आकार गोलाकडे सरकत जातो.

आलेखकागदावर चौकटी मोजून नक्की पाहा. गोल डब्याभोवती वळवा, हाताने वळवलेला लंबगोल होतो आणि आकडा कमी येतो. टोकं एकमेकांवर चढवू नका, नुसती भिडवा.