गप्प बसलेला सहकारी कशावर अडलेला असतो?

"नॅकचा वार्षिक अहवाल, म्हणजे एक्यूएआर, ३१ डिसेंबरच्या आत भरायचाय. विभागांकडून माहितीच येत नाही. सारखं मागितलं तर 'मॅडम हात धुऊन मागे लागल्यात' म्हणतात, गप्प बसले तर काम माझ्याच गळ्यात. काय करू?"

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. या प्राध्यापिका कॉलेजच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे गुणवत्ता पाहणाऱ्या समितीच्या, समन्वयक. मी त्यांना आधी मोबाइलमधले मेसेज वाचून दाखवायला सांगितले. ग्रुपवर एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: "सर्वांनी आपली माहिती लवकरात लवकर पाठवावी, ही विनंती." 'सर्वांनी' म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरे पाठवतील. आणि 'आपली माहिती' म्हणजे कोणता तक्ता, हेच अनेकांना ठाऊक नसतं. अहवालात सात निकष, प्रत्येकाखाली वेगळे तक्ते आणि पुरावे. एवढं सगळं समोर आलं की माणूस फाइल बंद करून लेक्चरला जातो.

म्हणून आम्ही एकेका व्यक्तीसाठी वेगळा मेसेज लिहायला घेतला. एनएसएस पाहणाऱ्या सरांचा असा झाला: "सर, निकष ३ मधला विस्तार उपक्रमांचा तक्ता सोबत आहे. कॉलेजच्या वार्षिक अहवालात सापडलं ते मी भरलंय. विद्यार्थिसंख्या तेवढी तपासा. हिवाळी शिबिराचा अहवाल राहिलाय. १० तारखेपर्यंत जमेल, की काही अडलंय?"

कोरा तक्ता भरण्यापेक्षा भरलेला दुरुस्त करणं सोपं जातं. पण मला महत्त्वाचे वाटतात ते शेवटचे तीन शब्द. सरांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं: शिबिराचे फोटो आहेत, पण त्यांवर जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद, नाही, म्हणून पाठवायला संकोच वाटत होता. मॅडम ज्याला बेफिकिरी समजत होत्या, ती लाज होती. अशा माणसाला प्रत्येक आठवण टोचते आणि तो आणखी टाळतो. हजेरीपत्रक आणि ग्रामपंचायतीचं पत्र त्यांच्याकडे होतं, जे होतं तेच जोडायचं ठरलं.

१० तारीख का, हेही खरं सांगायचं: नंतर पडताळणी आहे, मग आयक्यूएसीची बैठक. खोटी मुदत एकदा उघडी पडली की पुढच्या वर्षी खरीही कोणी मानत नाही. दुसऱ्यांदा आठवण करायची तर तीच विनंती परत नको. "निकष ३ मध्ये एवढा एकच तक्ता राहिलाय" अशी नवी बातमी त्यात हवी.

यानंतरही एक विभागप्रमुख गप्पच राहिले. तिथे शब्दांचं कौशल्य संपतं, कारण समन्वयकाकडे अधिकार नसतो. आयक्यूएसीचे अध्यक्ष प्राचार्य असतात. मॅडमनी सुरुवातीलाच सगळ्यांना कळवलं होतं: "२० तारखेला मसुदा प्राचार्यांकडे जाईल. जे तक्ते आले नसतील ते रिकामे दिसतील." हे वाक्य त्यांना चहाडीसारखं वाटत होतं, म्हणून आम्ही ते मोठ्याने म्हणून पाहिलं. नियम सगळ्यांना एकच आणि आधी सांगितलेला, मग त्यात चहाडी कसली? तो तक्ता रिकामाच गेला. पुढचा फोन प्राचार्यांनी केला.