विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी म्हणजे नफ्यातून किती जातात?

"आर्वीत चहाची फ्रँचायझी घेतोय. प्रस्तावात विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी लिहिली आहे. नफ्यातले नेमके किती जातील?"

जवळपास ४४ टक्के, कारण रॉयल्टी नफ्यावर नाही, गल्ल्यावर लागते. मी असे प्रस्ताव तपासून देतो. तालुक्याच्या गावाचे अंदाजी आकडे मांडतो. रोज ३,००० रुपये गल्ला, म्हणजे महिन्याला ९०,०००. त्यातून दूध-साखर-कप वगैरे माल ४५ टक्के, ४०,५००. भाडं, दोन पोरांचा पगार, गॅस-लाईट मिळून ३५,०००. उरले १४,५००. रॉयल्टी ५,४०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी ९७२, हातात ८,१२८.

आता मे महिना धरा. उन्हात दुपारी रस्ता ओस पडतो, गल्ला २,००० वर येतो. रॉयल्टीआधीच २,००० चा तोटा, तरी ४,२४८ भरायचेच. म्हणून प्रस्तावातला रोजचा गल्ला बारा महिन्यांचा आहे की फक्त हिवाळ्याचा, हे आधी विचारा. बाजाराच्या दिवशीची गर्दी पाहून आकडा मान्य करू नका.

मात्र रॉयल्टी शून्य असली म्हणून हुरळू नका. चहापत्ती, मसाला, कप कंपनीकडूनच घ्यायची अट असेल तर तिची कमाई त्या भावात असते. दरपत्रक मागवा आणि तोच माल अमरावतीच्या ठोक बाजारात काय भावाने मिळतो ते पाहा.