आघात नको, हेल म्हणा

प्रश्न: फ्रेंचचा क्लास करतेय. मॅडम म्हणतात शेवटच्या अक्षरावर आघात द्या. मी देते, तर म्हणतात रोबोट बोलतोय असं वाटतं. मग तो आघात नक्की कुठे द्यायचा? आणि मराठीत असं काही असतं का?

आधी तो 'आघात' शब्द बाजूला ठेवा बरं, अर्धा घोटाळा त्यानेच केलाय. मराठीत आघात म्हणजे दणका, घरातलं माणूस गेलं की कुटुंबावर होतो तो. विद्यार्थ्याला 'आघात दे' सांगितलं की तो प्रत्येक शब्दाच्या शेवटी हातोडा घालणारच, त्याची काय चूक. फ्रेंच माणूस तिथे काहीही आपटत नाही, तो फक्त तिथला स्वर ताणतो, आजूबाजूच्या स्वरांच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याबरोबर सूर वर नेतो किंवा खाली सोडतो. आवाज मोठा करणं यात फार थोडं असतं. ताणणं आणि सूर फिरवणं, या दोन्हीला मिळून आपल्याकडे एक झकास शब्द आहे, हेल. 'हेल काढून बोलतो' म्हणतो ना आपण, तो. गावाकडची मावशी 'काय गं बाईऽऽ' म्हणते तेव्हा तिने 'बाई'वर आघात केलेला नसतो.

दुसरा घोटाळा 'अक्षर' शब्दाचा. फ्रेंचमध्ये टेबलला जो शब्द आहे तो लिहिताना पाच अक्षरांचा आणि शेवटी ई, पण बोलताना 'ताब्ल्', ठोका एकच. म्हणजे शेवटचं अक्षर नाही, शेवटचा खरोखर ऐकू येणारा स्वर. ते एक सोडा, ते कळतं लोकांना. खरी गोम 'शेवटच्या' या शब्दात आहे. कशाच्या शेवटच्या? शब्दाच्या नाही हो! गटाच्या. एका दमात, एका अर्थाने बोलले जाणारे तीन-चार शब्द मिळून एक गट होतो आणि हेल त्या अख्ख्या गटाला मिळून एकच.

करून बघा. 'इल आरीव', तो येतोय. बोलताना तीन ठोके: इ-ला-रीऽव. 'इल'मधला ल पुढच्या शब्दात जाऊन बसला आणि दोन शब्द आहेत हे कानाला कळलंसुद्धा नाही. आता पुढे 'उद्या' जोडा, 'दमँ'. इ-ला-रिव-द-मँऽ. पाच ठोके, आणि रीऽवचा हेल गेला! तो तुटून मँवर जाऊन बसला. आता 'सकाळी' जोडा, 'मातँ'. इ-ला-रिव-द-मँ-मा-तँऽ. मँसुद्धा आखडला. शेवटी 'पॅरिसला' जोडलं, 'आ पारी', की दहा ठोके होतात आणि सावकाश बोलणारा माणूस तिथे दोन गट पाडतो: इ-ला-रिव-द-मँ-मा-तँऽ, इथे सूर वर, म्हणजे अजून संपलं नाहीये, थांबा, मग आ-पा-रीऽ, सूर खाली, संपलं. घाईत असला तर सगळं एकाच दमात म्हणेल आणि मग फक्त शेवटची रीऽ लांब. गट कुठे तोडायचा याला थोडी मोकळीक आहे, पण 'तो' आणि 'येतोय' यांच्यामध्ये तोडलंत तर फ्रेंच माणूस तुमच्याकडे बघत राहील.

तुम्ही काय करताय, आरीऽव, दमँऽ, मातँऽ, पारीऽ, चार शब्द चार हेल. म्हणून रोबोट.

आता 'मराठीत असं काही असतं का' याचं उत्तर लोक ठोकून देतात की मराठीत आघात नसतो, विषय संपला. माझं मत वेगळं आहे. 'रीऽव'चा 'रिव' झाला ते परत बघा. हे आपण दिवसभर करतो! मीठ, पण मिठाला. मूल, पण मुलाला. फूल, पण फुलं. शब्द एकटा असला की ई-ऊ लांब, मागे प्रत्यय लागला की आखडला. शाळेत हे शुद्धलेखनाचे नियम म्हणून पाठ करून घेतात आणि मार्क कापतात, पण मुळात ही कानाची गोष्ट आहे, शब्दाचा भार पुढे सरकला की मागचा स्वर अंग चोरतो. फक्त आपल्याकडे हा खेळ शब्दाच्या कुंपणाच्या आत चालतो (आणि इ-उ पुरताच). 'मूल रडतंय' म्हणताना पुढे 'रडतंय' आलं म्हणून मूल काही मुल होत नाही. प्रत्यय लागला किंवा समास झाला, 'फुलपाखरू'सारखा, तरच. फ्रेंचने ते कुंपणच काढून टाकलंय. तिथे पुढचा अख्खा शब्द आपल्या प्रत्ययासारखा वागतो, 'उद्या' लागलं की 'येतोय' आखडतं. हे एकदा डोक्यात बसलं की मराठी माणसाला फ्रेंचची लय इंग्रजापेक्षा सोपी जायला हवी, कारण इंग्रज बिनजोराचे स्वर गिळून टाकतो, आपण प्रत्येक ठोका नीट वाजवतो, फ्रेंचही वाजवतात. आपली अडचण एवढीच की आपला प्रत्येक शब्द वाक्यात कुठेही गेला तरी आपली ऱ्हस्व-दीर्घाची शान सोडत नाही आणि तीच सवय आपण तिकडे नेतो.

हे शेवटालाच का, तर त्याची गोष्ट लॅटिनमध्ये आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही. लॅटिनमध्ये 'होस्पिताले' असा शब्द होता, पाहुण्यांची जागा, आणि जोर 'ता'वर. फ्रान्सच्या बोलीत काय झालं, जोराचा 'ता' तेवढा जगला आणि बाकीच्यांची हळूहळू झीज झाली. शेवटचा ए गळाला, मधला 'पि' गळाला, 'ता'चा 'ते' झाला, राहिलं 'ओस्तेल'. मग स मुका झाला आणि त्याची आठवण म्हणून ओच्या डोक्यावर टोपी चढवली, फ्रेंच अकादमीच्या कोशाने 1740 सालच्या आवृत्तीत अशा मुक्या सच्या जागी टोपी लिहायला सुरुवात केली. झालं 'ओतेल'. आपलं हॉटेल! बघा आता, 'ता'च्या मागे जे होतं ते सगळं गळून गेल्यावर जोर आपोआप शब्दाच्या टोकाला आला की नाही? शब्दामागून शब्द असेच झिजले आणि सगळ्यांचा जोर टोकाला आला. आणि प्रत्येक शब्दाचा जोर ठरलेल्या एकाच जागी असला की त्यावरून दोन शब्द वेगळे ओळखायचं कामच उरत नाही, मग शब्दांनी आपापला जोर सोडून गटाच्या टोकावर एकच ठेवला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

याच होस्पितालेची पोरं आपल्याकडे चार आहेत. हॉटेल आणि हॉस्टेल फ्रेंचमधून इंग्रजीमार्गे, हॉस्पिटल हे नंतर विद्वानांनी लॅटिनमधून परत उचललेलं रूप, आणि चौथं इस्पितळ. इस्पितळ इंग्रजीतून आलं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. इंग्रज जोर देतो पहिल्या 'हॉ'वर, तिथून शब्द घेतला असता तर तो 'हॉ' असा इतका सहज विरघळून 'इ' झाला नसता. पोर्तुगीज मात्र ह म्हणतच नाहीत, 'ओश्पिताल', आणि जोर शेवटच्या 'ताल'वर. गोव्यात सोळाव्या शतकापासून त्यांचं रॉयल हॉस्पिटल होतं. म्हणून सुरुवात ढिली पडली आणि 'तळ' ठणठणीत राहिला. माझा तर्क आहे, पटला तर घ्या.

टोपीवरून आठवलं, स्वरांच्या डोक्यावरच्या त्या काड्यांना 'अ‍ॅक्सेंट' म्हणतात म्हणून तिथे जोर द्यायचा असं समजू नका. त्या काड्या बहुतेक वेळा स्वर कसा म्हणायचा ते सांगतात, जोर कुठे ते नाही. शाळेला 'एकोल' म्हणतात, काडी एवर आणि हेल कोलवर.

शिक्षकांवर माझा एक राग आहे. पिएर देलात्र या ध्वनिशास्त्रज्ञाने 1966 मध्ये फ्रेंचचे दहा मूळ हेल मांडून दाखवले, काम अव्वल आहे, पण ते दहा आलेख पोरांसमोर धरून कुणी बोलायला शिकलं नाही. बोलायला दोन पुरतात. चढता म्हणजे पुढे आहे किंवा विचारतोय ('त्यू व्यँ?' येतोस का? आपला 'का'च तिथे सुरात असतो), उतरता म्हणजे संपलं. मराठी माणूस नेमका प्रत्येक गटाच्या शेवटी सूर खाली सोडतो, मग समोरच्याला वाटतं याचं बोलून झालं आणि तो मध्येच बोलायला लागतो. तसं झालं की ओळखा, चुकतंय कुठे.

बाकी सुरुवातीला जोर येतच नाही असं नाही. एखादा खूष होऊन 'फॉर्मिदाब्ल' म्हणतो तेव्हा 'फॉ' दाबतो, तो मात्र खराखुरा आघात. पण शेवटचा हेल तरी राहतोच, हा वरचा मसाला.

आणि 'मीच केलं' म्हणायचं असेल तर? इंग्रजीत नुसता 'आय'वर जोर देऊन भागतं. आपण च लावतो. फ्रेंचमध्ये 'मी'साठीचा 'झ' क्रियापदाला चिकटलेला, गटाच्या सुरुवातीला, तिथे हेल नेहमीसारखा पोचत नाही. मग ते काय करतात, 'मी'लाच उचलून टोकावर नेतात: 'से म्वाऽ', मी आहे तो, आणि मग 'की ले फे', ज्याने केलं. गंमत म्हणजे हा 'म्वा' आणि 'मला' अर्थाचा पुसटसा 'म' हे दोन्ही लॅटिनच्या एकाच 'मे'मधून आले, जोर मिळाला तो म्वा झाला, नाही मिळाला तो म राहिला. आजसुद्धा 'माझ्याकडे बघ' हे 'रगार्द-म्वाऽ', टोकाला आहे म्हणून म्वा, आणि 'तो मला बघतो' हे 'इल म रगार्द', मध्ये आहे म्हणून म.

अरे हो, तुमचा रोबोट. वाक्य पुढून नाही, मागून पाठ करा. 'तँऽ', मग 'मातँऽ', मग 'दमँमातँऽ', मग 'इलारिवदमँमातँऽ'. दर वेळी लांब फक्त शेवटचं तँ. फोनवर रेकॉर्ड करून ऐका आणि शब्द किती ते मोजता आले, तर परत म्हणा.