दादाला मध चालेल, आठ महिन्यांच्या बाळाला नाही

प्रश्न: साताऱ्यात राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. दोघांनाही सर्दी-खोकला, रात्रभर झोप नाही. सासूबाई म्हणतात, घरात महाबळेश्वरचा शुद्ध मध आहे, दोघांना चाटव. देऊ का? गरम करून दिला तर चालेल का?

उत्तर:

मुलाला द्या. मुलीला वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाला लावूनसुद्धा देऊ नका, आणि गरम करूनही नाही. मी साताऱ्यातच लहान मुलांची डॉक्टर आहे. थंडी सुरू झाली की हा प्रश्न घेऊन बऱ्याच आया येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलीचं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते मातीत आणि धुळीतही असतात, तिथूनच मधात येतात. तुमच्या-माझ्या पोटात गेले तर काही न करता बाहेर पडतात, कारण आपल्या आतड्यात इतर जंतूंची वस्ती आधीच दाट असते आणि यांना रुजायला जागा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून पुरती बसलेली नसते. तिथे हे बीजाणू रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. त्या विषाने नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही आणि बाळ हळूहळू ढिलं पडत जातं. या आजाराला बाळांचा बोट्युलिझम म्हणतात. तो १९७६ साली अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला आणि तेव्हापासून जगभरातले डॉक्टर एकच सांगतात: पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नाही.

सासूबाईंचा मध शुद्धच असेल, त्याबद्दल मला शंका नाही. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. पण शुद्ध म्हणजे त्यात साखरेचा पाक मिसळलेला नाही, एवढंच. बीजाणू अस्सल मधातही असू शकतात आणि ते चवीवरून, वासावरून किंवा पाण्यात थेंब टाकून कळत नाहीत. उकळूनही ते मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, कोमट केलेल्या मधाचा तर प्रश्नच नाही.

“आमच्या सगळ्या पोरांना बारशाला मध चाटवला, काही झालं नाही,” असं घरोघरी ऐकू येतं आणि ते खरंच असतं. आजार विरळा आहे, प्रत्येक मधात बीजाणू नसतात. पण ज्या बाळाला होतो ते कधी कधी आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर असतं. आणि या वयात मधाने खोकला कमी होतो याचा पुरावा नाही, कारण मधाच्या अभ्यासांत वर्षाच्या आतली बाळं घेतलेलीच नव्हती. फायदा सिद्ध नाही आणि धोका माहीत आहे, मग तो पत्करायचा कशासाठी?

एक गोष्ट मी प्रत्येक आजीला आवर्जून विचारते: गुटी कशात उगाळता? सहाणेवर हळकुंड, मुरुडशेंग, जायफळाचे दोन-दोन वेढे आणि वर मधाचं बोट, ही पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. आईने मध दिलेला नसतो, पण गुटीतून तो रोज जात असतो. चूर्ण मधात कालवून देतात तेव्हाही तेच होतं.

आधीच चाटवला असेल तर घाबरून जाऊ नका, बहुतेक बाळांना काही होत नाही. पुढचा महिनाभर मात्र लक्ष ठेवा. पहिली खूण बहुधा बद्धकोष्ठाची असते: रोज शी करणारं बाळ तीन-तीन दिवस करत नाही. मग अंगावर ओढायची ताकद कमी होते, रडणं बारीक होतं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या दिसतात, धरलेली मान पुन्हा लटकू लागते. ताप बहुधा नसतो, म्हणून घरच्यांना हे आजारपण वाटतच नाही. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि मध दिला होता हे स्वतःहून सांगा. ते ऐकलं की डॉक्टरांचा विचार लगेच त्या दिशेने जातो.

मुलीच्या खोकल्यासाठी अंगावरचं दूध थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी नाकात मेडिकलमध्ये मिळणारे सलाइनचे थेंब घाला. या वयात रात्रीचा खोकला पुष्कळदा चोंदलेल्या नाकामुळेच असतो.

आता मुलाचं. २००७ साली अमेरिकेत दोन वर्षांवरच्या १०५ मुलांवर एक अभ्यास झाला. काहींना झोपण्याआधी अर्धा तास मध दिला, काहींना खोकल्याचं नेहमीचं औषध डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काहींना काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आईवडिलांनी खोकल्याला आणि झोपेला गुण दिले. तिन्ही गटांतली मुलं सुधारली, कारण सर्दी आपोआप उतरतेच. पण मधवाली सगळ्यात जास्त सुधारली. २०१२ साली इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर तुलना झाली, त्यात एका गटाला मधासारखाच दिसणारा खजुराचा पाक दिला होता. तिथेही मध सरस ठरला. वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये असे सहा अभ्यास एकत्र तपासले. काहीच न देण्यापेक्षा मधाने खोकल्याला बहुधा जास्त आराम पडतो आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या तुलनेत फारसा फरक दिसत नाही, असं त्यांना आढळलं. बहुतेक अभ्यास एका रात्रीचे किंवा दोन-तीन दिवसांचे होते आणि गुण घरच्यांनीच दिलेले होते. म्हणून मी एवढंच म्हणते की मधाने रात्र थोडी बरी जाते. सर्दी त्याने लवकर जात नाही.

तरी या वयात सिरपपेक्षा मला मध बरा वाटतो. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी सिरपने मुलं दगावल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा योग्य नाहीत. त्यामुळे घरातली जुनी बाटली मुलाला पाजू नका.

द्यायचा कसा? झोपायच्या अर्धा तास आधी अर्धा छोटा चमचा, म्हणजे औषधाच्या टोपणावरच्या खुणेने अडीच मिली. नुसता चाटवा किंवा कोमट पाण्यात द्या. एवढ्याने भागलं नाही तर पूर्ण चमचा चालेल. शेवटी साखरच आहे ती, तेव्हा नंतर दात घासून घ्या. मुलाचा चमचा मुलीच्या तोंडात जाणार नाही हेही बघा, दादाचं उष्टं धाकटीला भरवायची सवय आपल्या घरांत असते.

मधावर थांबायचं नाही असे प्रसंगही आहेत. मूल शांत झोपलेलं असताना पोट उघडं करून घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. मुलाचे ४० किंवा जास्त, मुलीचे ५० किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा दूध-पाणी घ्यायचं बंद झालं असेल, तर रात्र असली तरी लगेच निघा. खोकला दोन आठवड्यांहून लांबला, वजन घटत असेल किंवा घरात कुणाला टीबी असेल, तर छाती तपासून टीबीची चाचणी करून घ्यावी लागेल.