दिवसभर नोकरी, रात्री गेम: आधी तास मोजा, मग लेव्हल ठरवा

प्रश्न: मी आयटीत पूर्णवेळ नोकरी करतो. सात महिन्यांपासून गोडो या गेम इंजिनमध्ये ४० लेव्हलचा प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, बनवतोय, सोमवार ते शुक्रवार रात्री १० ते १. सहा लेव्हल झाल्या. गेले तीन आठवडे प्रोजेक्ट उघडतो, इकडेतिकडे बघतो आणि बंद करतो. ऑफिसातही लक्ष लागत नाही. वेळ कसा सांभाळायचा? की सोडून देऊ?

उत्तर:

सोडायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. तीन आठवडे ज्याला प्रोजेक्टकडे बघवत नाही, त्याने तो निर्णय या अवस्थेत घेऊ नये. आधी हिशेब करू, कारण तुमच्या प्रश्नातच मला तो चुकलेला दिसतोय. माझाही अगदी असाच चुकला होता. पहिला गेम मी चौदा महिने रात्री जागून बनवला आणि तो अर्धाच राहिला. दुसरा वर्षभरात पूर्ण झाला, तोही आठवड्याला जेमतेम सहा तास देऊन. मधल्या काळात मी हुशार झाले नव्हते, फक्त तास मोजायला शिकले होते.

तुम्ही आठवड्याला १५ तास धरताय. पहिल्या गेमच्या वेळी मीही तेवढेच धरत होते. मग एकदा दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं: किती वाजता बसले, खरं काम किती वाजता सुरू झालं, कधी उठले. १५ तास बसून खरं काम सहा तासांच्या आसपास भरलं. उरलेला वेळ कुठे गेला? रोजची पहिली वीस-पंचवीस मिनिटं ‘काल कुठे होतो’ हे आठवण्यात. मग एखादा ट्युटोरियल व्हिडिओ, जो कामाचा वाटतो पण त्या दिवशीच्या कामाचा नसतो. आणि साडेअकरानंतर लिहिलेला कोड, जो दुसऱ्या दिवशी पुसावा लागायचा. हा शेवटचा भाग सगळ्यात महाग पडतो, कारण त्यासाठी झोप दिलेली असते आणि हातात काहीच उरत नाही. तुम्हीही दोन आठवडे अशी नोंद ठेवा, फक्त मी खाली सांगितलेल्या सुट्टीनंतर.

माझा दुसरा गेम शेताला पाणी देण्याचा होता. पाटाचं पाणी आलंय, पाळी ठरलेल्या वेळेची आहे, आणि दारं मोडत-बांधत सगळे वाफे भिजवायचे. चौकटींवरचं साधं कोडं. माझ्या मनात साठ लेव्हल होत्या, पण या वेळी आकडा ठरवण्याआधी वर्ष मोजलं. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी सव्वा-सव्वा तास आणि शनिवारी सकाळी अडीच तास, म्हणजे आठवड्याचे सव्वासहा. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून गणपतीचे दोन, दिवाळीचे दोन, ऑफिसच्या रिलीजचे चार, आणि आजारपण, लग्नकार्य, पाहुणे यांचे चार असे बारा आधीच वजा केले. राहिले चाळीस. चाळीस गुणिले सव्वासहा म्हणजे २५० तास.

आता खरी गोम. त्या २५० तासांतले निम्मे खेळाच्या वाट्याला येतच नाहीत. मेनू, सेटिंग्ज, सेव्ह, कंट्रोलर, इतरांना खेळायला देणं, त्यातून निघालेले बग, स्टोअरचं पान, ट्रेलर, स्क्रीनशॉट. हे सगळं ‘शेवटी बघू’ म्हणून बाजूला ठेवलेलं असतं आणि शेवटी ते पहाडासारखं उभं राहतं. मी सरळ १२५ तास त्यासाठी काढून ठेवले. उरलेल्या १२५ मधले ४० पाणी वाहण्याचे नियम नीट बसवण्यात गेले. राहिले ८५. मग एक लेव्हल आवाजासकट, चित्रांसकट, दोघांकडून खेळवून पूर्ण केली आणि पुढच्या दोन-तीन लेव्हलना लागलेला वेळ मोजला. सरासरी तीन तास आली. ८५ भागिले तीन म्हणजे अठ्ठावीस. मी चोवीस ठरवल्या आणि तेरा तास हाताशी ठेवले. साठ लेव्हल धरल्या असत्या तर नुसत्या लेव्हलचेच १८० तास झाले असते. मग एकूण ३४५, म्हणजे माझ्या वेगाने साधारण साडेसोळा महिने. थकवा नेमका तिथे बसलेला असतो. रोज काम होतंय, पण शेवट जवळ येत नाही.

तुमच्या सहा लेव्हल झाल्यात, म्हणजे सरासरी काढायला पुरेसा मालमसाला आहे. पहिली धरू नका, तिच्यात शिकण्याचा वेळ मिसळलेला असतो. शेवटच्या तीन धरा. प्लॅटफॉर्मरची लेव्हल कोड्याच्या लेव्हलपेक्षा जास्त वेळ खाते, कारण प्रत्येक उडीचं अंतर खेळून खेळूनच बसवावं लागतं. माझा अंदाज, चाळीसच्या बारा ते पंधरा होतील. वाईट वाटेल. मलाही छत्तीस लेव्हल कापताना वाईट वाटलं होतं. पण खेळणाऱ्याला कापलेल्या लेव्हल दिसत नाहीत, आणि ज्या राहिल्या त्यांना मला नीट वेळ देता आला.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर काढणार असाल तर काही वाटा नुसत्या थांबण्याच्या आहेत. १०० डॉलर फी भरल्यापासून पहिला गेम प्रकाशित करायला ३० दिवस थांबावं लागतं, ‘लवकरच येत आहे’ असं पान किमान दोन आठवडे आधी लावावं लागतं, आणि पान व बिल्ड, म्हणजे खेळायला तयार गेम, दोन्ही स्टीमकडून आधी तपासले जातात. वर्षातून तीनदा होणाऱ्या नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या डेमोंच्या महोत्सवात, एका गेमला एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे घाईने अर्धवट डेमो तिथे टाकू नका. यात तुमचे तास फारसे जात नाहीत, पण कॅलेंडरवर जागा लागते. ती आधी आखली नाही तर शेवटचा महिना जागरणाचा होतो.

आता संध्याकाळच्या वेळेकडे. सव्वा तासात काम व्हायचं असेल तर बसल्यावर पाच मिनिटांत हात चालू झाला पाहिजे. त्यासाठी मी आदल्या दिवशीची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवते. तेव्हा नवं काही करायचं नाही, फक्त उद्याच्या स्वतःसाठी निरोप ठेवायचा. वहीत नाही, गिटमध्ये कोड जतन करतानाच्या नोंदीत, म्हणजे कमिटमध्येच, म्हणजे तो शोधावा लागत नाही:

```
git commit -am "WIP: बांध फुटल्यावर पाणी डावीकडे जात नाही. water.gd, flow() बघ"
```

दुसऱ्या दिवशी `git log -1` केलं की फाइल, फंक्शन आणि अडचण तिन्ही समोर. यात एक युक्ती आहे. काम अगदी संपवून उठू नका. पुढची पायरी सोपी आणि माहीत असलेली आहे अशा ठिकाणी उठा. त्या पाण्याच्या बगाचं कारण मला झोपण्याआधीच कळलं होतं, डाव्या शेजारच्या चौकटीचा क्रमांक एकने चुकत होता. तरी मी तो मुद्दाम दुरुस्त केला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थकून आले, दोन मिनिटांत तो सोडवला, आणि तोवर मी कामात शिरलेली होते.

कामंही दोन प्रकारची असतात: ताज्या डोक्याची आणि थकल्या डोक्याची. नवी लेव्हल रचणं, नियम बदलणं, सेव्ह फाइलसारखी जोखमीची गोष्ट, हे सगळं शनिवारी सकाळी. संध्याकाळी आवाज जोडणं, चित्रं जागच्या जागी बसवणं, कारण माहीत असलेले बग, मेनूतले शब्द. आठ तास ऑफिसात कोड लिहून आल्यावर डोक्याचा तोच भाग पुन्हा जुंपला की तो कुरकुरतोच. तसंच, उठायची वेळ ठरवा, बसायची नव्हे. माझी पावणेअकरा आहे. सव्वादहानंतर कारण माहीत नसलेला बग शोधायला घ्यायचा नाही, हा माझा सगळ्यात उपयोगी नियम. असा बग दहा मिनिटांत सापडेल असं वाटतं, एक वाजतो, आणि मग अंथरुणातही तोच डोक्यात फिरत राहतो.

आता तुमच्या तीन आठवड्यांबद्दल. साधा थकवा आणि बर्नआउट यांत फरक करा. साधा थकवा असेल तर दोन रात्री नीट झोप आणि एक मोकळा रविवार मिळाला की गेमकडे मन आपोआप जातं, आंघोळ करताना एखादी लेव्हल सुचते. तसं होत नसेल तर प्रकरण वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची तीन लक्षणं धरली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यांनी ते नोकरीच्या संदर्भातच मांडलंय, आणि ही गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे, कारण तुमचं ऑफिसातलंही लक्ष उडालंय.

माझ्या बाबतीत ही चिन्हं गेममध्ये आधी दिसली. चालू असलेला कोड मी तिसऱ्यांदा नव्याने लिहायला घेतला. इंजिनच बदलावं असं वाटू लागलं. टायटल स्क्रीनचा फॉन्ट चार संध्याकाळी निवडत बसले. ही सगळी कामंच, पण कुणी खेळून बघेल असं काही त्यातून तयार होत नव्हतं. घरी नवऱ्याने ‘जेवायला येतेस का’ विचारलं तरी मी चिडायचे. ते त्यानेच दाखवून दिलं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हा मी जे केलं तेच तुम्हाला सुचवते. आज रात्री एकदाच बसा, आहे त्या स्थितीत चालणारी बिल्ड काढा, वरच्यासारखा एक निरोप लिहा, आणि दोन आठवडे प्रोजेक्ट बंद. चोरूनसुद्धा उघडायचा नाही. परत येण्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे ‘सोडलं’ असं वाटत नाही. या काळात अकराच्या आत झोपा. परत आल्यावर पहिला आठवडा फक्त दोन संध्याकाळी, आणि काम असं की त्याच दिवशी पडद्यावर दिसेल: उडी मारल्यावर धूळ, नाणं उचलल्याचा आवाज.

दोन आठवड्यांत झोप सुधारली, गेम आठवायला लागला, तर मूळ अडचण रात्री एकच्या जागरणाची होती. गेम बंद असूनही सकाळी ऑफिसच्या नावाने पोटात गोळा येत असेल, तर मूळ दुखणं नोकरीत आहे आणि गेमचं वेळापत्रक कितीही बदललंत तरी ते जाणार नाही. मग कामाच्या ताणाबद्दल वरिष्ठांशी बोला. आणि झोप लागतच नसेल किंवा भूक गेली असेल तर फॅमिली डॉक्टरांकडे जा, वाट बघू नका.

परत बसाल तेव्हा शेवटच्या तीन लेव्हलना किती तास लागले ते इथे लिहा. लेव्हल डिझाइन, चित्रं आणि बग असे वेगळे लिहिलेत तर आणखी बरं. किती लेव्हल ठेवायच्या ते त्यावरून आपण मिळून ठरवू.