मिरर न्यूरॉन: माकडाच्या मेंदूत नेमकं काय दिसलं?

प्रश्न: मिरर न्यूरॉनमुळेच आपल्याला दुसऱ्याचं दुःख जाणवतं, हे सिद्ध झालंय का?

नाही. इटलीतल्या पार्मा इथं मेंदूशास्त्रज्ञ रिझोलाती यांच्या गटाने मकाक माकडांच्या मेंदूत, हालचालींचं नियोजन करणाऱ्या एफ५ नावाच्या भागात, बारीक इलेक्ट्रोड बसवले होते. माकडाने शेंगदाणा उचलला की काही पेशी सक्रिय होत, आणि संशोधकाने उचललेला नुसता पाहिला तरी त्याच पेशी सक्रिय होत. याच पेशींना मिरर न्यूरॉन म्हणतात. १९९६ च्या नोंदीत ५३२ पैकी ९२ पेशी अशा निघाल्या. प्रयोग हाताच्या आणि तोंडाच्या हालचालींचा होता. दुःखाचा त्यात संबंधच नव्हता.

माणसात एकेक पेशी मोजायला क्वचितच मिळते. २०१० मध्ये, उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या अपस्माराच्या रुग्णांत अशा पेशी सापडल्या, पण एरवी एमआरआयवर विसंबावं लागतं आणि त्यात हजारो पेशींचा एकत्रित अंदाजच येतो.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २००७ चा लंडनमधला प्रयोग. समोरच्याची तर्जनी हलली की आपली करंगळी हलवायची, असा सराव लोकांकडून करून घेतला. नंतर तर्जनी हलताना नुसती पाहिली, तरी करंगळीच्या स्नायूचा प्रतिसाद वाढू लागला. म्हणजे हा ‘आरसा’ निदान काही अंशी सवयीने घडतो. ‘मिरर न्यूरॉन बिघडले म्हणून ऑटिझम’ या दाव्याला तर ठोस आधार मिळालेलाच नाही.